पालटणारा सूर

यवतमाळ जिल्ह्यांतील केळापूर हें गांव जगदंबेच्या देवस्थानामुळें विदर्भांत सर्वांच्या परिचयाचें आहे. तालुक्यास नांव केळापूरचें, परंतु कचेऱ्या सर्व शेजारच्या पांढरकवड्यास. आणि या दोहोंजवळूनच नागपुराहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता गेला आहे. यास पूर्वीं सातव्या क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणत. आतां त्याचा क्रमांक ४४ आहे. एका नवरात्रांत देवीचें दर्शन घेऊन आम्ही या रस्त्याच्या कडेस एका स्नेह्यांच्या कुटुंबासह उभे होतों. इतक्यांत दक्षिणेकडून एक रुग्णवाहिका भोंगा वाजवीत आली आणि आमच्या समोरून नागपूरच्या दिशेनें निघून गेली. ती समोरून जाते न जाते तोंच भोंग्याची सारी लकेर एक पायरी खालीं उतरल्यासारखी झाली. बरोबरच्या नऊ वर्षांच्या मुलानें तें तत्काळ टिपलें व विचारलें, “काका, आपल्याला ओलांडल्यावर त्या गाडीवाल्यानं आवाज बदलवला का?”

मोठ्या मंडळींत यावर दोन मतें निघालीं. एकाचें म्हणणें, गाडी दूर गेली म्हणून सूर उतरला; दुसऱ्याचें म्हणणें, वाऱ्यानें तो फिरला. मुलाचें धरून एकंदर उत्तरें तीन झालीं, आणि तिन्ही चुकीचीं. परंतु त्याबद्दल कोणास हंसण्याचें कारण नाहीं. हा प्रश्न विचारला जाण्यासच मनुष्यजातीला एकोणिसावें शतक उजाडावें लागलें, आणि त्याचें खरें उत्तर ज्यानें दिलें त्याच्यावर वाऱ्याचा आक्षेप घेणारा एक नामांकित गणिती निघाला होता. ती हकीगत वाचकांस सादर करण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम, स्वर उंच किंवा नीच म्हणजे काय, हें पक्कें ठरलें पाहिजे. याचा सर्वांत उघड पुरावा खुद्द भोंग्याच्या जन्मांतच आहे. सन १८१९ मध्यें कान्यार द ला तूर या फ्रेंच शोधकानें एक यंत्र केलें. एका तबकडीस कडेनें सारख्या अंतरावर छिद्रें पाडून ती तबकडी वाऱ्याच्या झोतापुढें फिरावी अशी त्यांत योजना होती. छिद्र समोर आलें कीं वारा सुटे, छिद्र सरकलें कीं तो अडे. अशा रीतीनें हवेला एकामागून एक धक्के बसत, आणि त्या धक्क्यांचाच मिळून सूर होई. तबकडी जलद फिरविली कीं सूर चढे, मंदावली कीं उतरे. छिद्रें किती आणि फेरे किती, हें मोजलें म्हणजे कोणत्या सुराला सेकंदास किती धक्के लागतात तें अंकांत सांगतां येई. हें यंत्र पाण्यांतहि गात असे, म्हणून ग्रीक पुराणांतील समुद्रगायिकांवरून त्यानें त्यास ‘सायरन’ हें नांव दिलें. तात्पर्य, स्वराची उंची म्हणजे आपल्या कानावर दर सेकंदास येऊन पोंचणाऱ्या धक्क्यांची संख्या. ‘पोंचणाऱ्या’ हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व विषय त्या एका शब्दांत आहे.

आतां कोणी विचारील कीं, येणाऱ्याजाणाऱ्याचा सूर पालटतो हें आमच्या पूर्वजांस कसें उमगलें नाहीं? श्रुतींचे सूक्ष्म भेद ओळखणारे कान या देशांत पुष्कळ होते. कारण असें कीं, हा पालट वाहनाच्या आणि ध्वनीच्या वेगांतील प्रमाणावर अवलंबून असतो. तासास चार किलोमीटर चालणाऱ्या बैलगाडीवर कोणी सूर धरून बसला, तर येतांना आणि जातांना त्या सुरांत जो फरक पडेल तो लहानांत लहान श्रुतीच्या जेमतेम अर्ध्याएवढा असेल. भरधांव घोड्याचा वेग मात्र पुरेसा आहे. त्यावर सुमारें अर्ध्या स्वराचा फरक पडावा. परंतु दौडत्या घोड्यावर बसून एकच सूर न हलवितां धरणारा वादक कोठें सांपडावा? घोड्याच्या टापांना स्वर नसतो, ताल असतो. वेग आणि स्थिर सूर हीं दोन्ही एकत्र आलीं तीं आगगाडीवर. म्हणून या शोधाला आगगाडीची वाट पाहावी लागली.

आणि मौज अशी कीं, ज्यानें तो लाविला त्यानें आगगाडीकडे पाहून लाविलाच नाहीं. त्याची दृष्टि ताऱ्यांकडे होती. ख्रिश्चन डॉप्लर हा साल्झबर्ग येथील एका पाथरवट घराण्यांत सन १८०३ मध्यें जन्मला. प्रकृति नाजूक असल्यामुळें तो वडिलांच्या धंद्यांत न शिरतां गणिताकडे वळला आणि पुढें प्राग शहरीं अध्यापक झाला. तेथील विद्वत्सभेपुढें ता. २५ मे १८४२ रोजीं त्यानें जोडताऱ्यांच्या रंगीत प्रकाशाविषयीं एक निबंध वाचला. श्रोते मोजकेच होते. त्याचें म्हणणें असें कीं, प्रकाश किंवा ध्वनि यांच्या लाटा निघण्याचें ठिकाण जर आपल्याकडे येत असेल, तर त्या आपणांस अधिक दाट भेटतील. दूर जात असेल, तर विरळ भेटतील.

हें तत्त्व आम्ही त्या मुलाला ज्या दृष्टांतानें सांगितलें तोच येथें देतों. जुन्या काळीं एक गृहस्थ हैदराबादेहून नागपुरास पायीं निघाला आहे आणि वाटेवरील केळापुरांत त्याचें घर आहे, अशी कल्पना करा. तो रोज चार कोस चालतो आणि रोज सायंकाळीं एक पत्र लिहून हलकाऱ्याच्या हातीं घरीं धाडतो. हलकारा दिवसास वीस कोस धांवतो. आज एक पत्र निघालें. उद्यांचें पत्र एक दिवस उशिरा निघेल खरें, पण तें घराच्या चार कोस अलीकडून निघेल. म्हणजे वाटेंत त्याचा दिवसाचा एकपंचमांश भाग वांचेल. तेव्हां घरीं पत्रें एकेक दिवसानें न येतां चारपंचमांश दिवसानें येतील, आणि घरची मंडळी म्हणतील, चार दिवसांत पांच पत्रें आलीं! पुढें तो घरावरून नागपूरकडे गेला कीं प्रत्येक पत्र आदल्याहून चार कोस दूर अंतरावरून निघूं लागेल. त्या वेळीं पांच पत्रें यावयास सहा दिवस लागतील. लिहिणाऱ्यानें आपला नेम मोडला नाहीं, हलकाऱ्यानेंहि आपली चाल बदलली नाहीं. तरी पत्रांचा ओघ पालटला. गृहस्थाच्या जागीं गाडी, पत्रांच्या जागीं हवेचे धक्के आणि हलकाऱ्याच्या जागीं ध्वनीचा वेग मांडला, कीं भोंग्याचें कोडें सुटतें. खुद्द चालकाच्या कानीं पडणारा सूर मुळींच बदलत नाहीं, कारण तो आपल्या भोंग्यापासून ना जवळ येतो ना दूर जातो.

या दृष्टांतांत आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. गृहस्थ घरापासून साठ कोसांवर असो कीं आठ कोसांवर असो, पत्रांतील अंतर चारपंचमांश दिवसच राहतें; घर जवळ आलें म्हणून तें आणखी घटत नाहीं. म्हणजे सुराचा पालट वाहनाच्या वेगावर अवलंबून आहे, अंतरावर नाहीं. ‘दूर गेली म्हणून सूर उतरला’ हें उत्तर येथेंच निकालांत निघतें. अंतरानें आवाज लहान होतो. नीच होत नाहीं.

डॉप्लरचें हें म्हणणें हॉलंडांतील बाइस बालॉट या तरुण शास्त्रज्ञास पटलें नाहीं. विशेषतः ताऱ्यांच्या रंगाविषयींचें विधान त्याला खोटें वाटे. त्यानें वाद न घालतां प्रयोग मांडला. उत्रेख्त ते मार्सेन या नव्या लोहमार्गावर त्यानें एक इंजिन मिळविलें. त्याच्याबरोबर शिंगें वाजविणारे वादक बसविले आणि मार्गाच्या कडेस ठिकठिकाणीं सुरांची पारख असलेले संगीतज्ञ उभे केले. सन १८४५ च्या फेब्रुवारींतील पहिला यत्न बर्फानें व थंडीनें फसला. गारठ्यांत वाद्यांचे सूर जाग्यावर राहीनात. जूनमध्यें प्रयोग पुन्हां केला. वादकांनीं एकच सूर धरावा, इंजिनाचा वेग मोजावा आणि कडेच्या संगीतज्ञांनीं येतांना व जातांना ऐकूं आलेला सूर आपल्या कानानें ठरवावा, असा बेत होता. त्या काळीं दुसरें साधन नव्हतें. मनुष्याचा कान हेंच मापनयंत्र. इंजिनाचा खडखडाट आणि वादकांच्या चुका यांतूनहि निकाल स्पष्ट निघाला. येतांना सूर चढलेला होता, जातांना उतरलेला होता, आणि फरक डॉप्लरच्या हिशेबाशीं जुळत होता. खंडन करावयास निघालेल्या या गृहस्थानें ध्वनीपुरतें डॉप्लरचें म्हणणें खरें असल्याचें प्रामाणिकपणें छापून टाकलें. रंगाविषयींचा आपला आक्षेप मात्र सोडला नाहीं. तो दोहींकडे बरोबर होता, हें पुढें दिसेल.

आतां केळापूरच्या रस्त्यावर हिशेब करून पाहूं. रुग्णवाहिकेचा वेग तासास ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदास २० मीटर धरूं. सुमारें ३२ अंश उष्णतेच्या हवेंत ध्वनि सेकंदास ३५० मीटर जातो. भोंग्याच्या लकेरींतील एखादा सूर सेकंदास ७०० धक्क्यांचा घेऊं. गाडी उभी असती तर दोन धक्क्यांमध्यें अर्ध्या मीटरचें, म्हणजे ५० सेंटिमीटरचें अंतर पडलें असतें. परंतु एका धक्क्यापासून दुसऱ्यापर्यंत गाडीच सुमारें ३ सेंटिमीटर पुढें सरकते. म्हणून तिच्यापुढें धक्के सुमारें ४७ सेंटिमीटरांवर दाटतात, आणि मागें ५३ सेंटिमीटरांवर विरळ होतात. परिणामीं गाडी येतांना आपल्या कानीं सेकंदास सुमारें ७४२ धक्के पोंचतात, जातांना सुमारें ६६२. या दोहोंचें प्रमाण जवळ जवळ ९ ला ८ असें पडतें. आणि आपल्या सप्तकांत शुद्ध ऋषभ व षड्ज यांचें प्रमाणहि तेंच आहे. म्हणजे तासास ७२ किलोमीटरांनीं जाणारी गाडी आपल्यासमोर ‘रे’ वरून ‘सा’ वर उतरते! यापेक्षां कमी उतरली तर गाडी सावकाश जात होती, अधिक उतरली तर जलद जात होती, असें सुरांचा अभ्यास असलेल्या मनुष्यास डोळे मिटूनहि सांगतां यावें.

येथें परीक्षा पाहणाऱ्यास तीन अडचणी येतात, त्या सांगणें अवश्य आहे. पहिली अशी कीं, आजच्या रुग्णवाहिकेचा भोंगा मुळांतच वरखालीं गात असतो. त्यामुळें मूळचा चढउतार कोणता आणि गतीचा कोणता हें नवख्यास कळत नाहीं. उपाय सोपा आहे. लकेरीचें फक्त शिखर कानांत धरावें. गाडी येतांनाचें शिखर आणि गेल्यावरचें शिखर एवढ्याचीच तुलना करावी. किंवा एखाद्या मालमोटारीच्या चालकानें लांबवर दाबून धरलेला कर्णा ऐकावा. तो एकसुरी असल्यानें पालट निखळ दिसतो.

दुसरी अडचण उभें राहण्याच्या जागेची. रस्त्याच्या अगदीं कडेस उभें राहिल्यास सूर झटकन् पडतो. तेंच रस्त्यापासून शंभर मीटर आंत, एखाद्या कपाशीच्या शेताच्या बांधावर उभें राहिलें, तर तो सावकाश घसरतो. याचें कारण, गाडीच्या वेगाचा जेवढा अंश थेट आपल्या रोंखानें असेल तेवढाच पालट घडवितो. दूरच्या गाडीचा रोंख जवळ जवळ आपल्याकडेच असतो. ती समोर येऊं लागली कीं तिची धांव आपल्या बाजूनें जाते आणि तो अंश कमी कमी होत शून्यावर येतो. शंभर मीटरांवर उभें राहणाऱ्यास उतरणीचा मुख्य भाग ऐकावयास सुमारें दहा सेकंद मिळतात. पांच मीटरांवर उभा असलेल्यास अर्धाच सेकंद. म्हणून हा सूर कसा ढळतो हें सावकाश अनुभवावयाचें असेल, तर शेताचा बांधच बरा.

तिसरी अडचण आपल्या कानाची आहे. गाडी जवळ येत असतांना सूर सारखा चढत जातो, असें पुष्कळांस शपथेवर वाटतें. वस्तुतः तो कधींच चढत नाहीं. आरंभापासून चढलेलाच असतो, आणि समोर येतांना उतरूं लागतो. चढतो तो आवाजाचा जोर. जोर वाढला कीं मन त्यालाच उंची समजतें. न्यूहॉफ व मॅकबेथ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं सन १९९६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हा भ्रम स्पष्ट दाखविला. तेव्हां सूर पालटतो हा भास नव्हे; परंतु तो येतांना चढत जातो हा मात्र भासच होय.

राहिलें वाऱ्याचें उत्तर. सन १८५२ मध्यें व्हिएन्ना येथील गणिती पेट्झव्हाल यानें डॉप्लरवर शास्त्रसभेंत तीव्र हल्ला केला. त्यानें गणितानें असें दाखविलें कीं, वाजविणारा आणि ऐकणारा स्थिर असतां मधली हवा कितीहि वाहिली तरी सुराचा कालावधि पालटत नाहीं. म्हणून डॉप्लरचा नियम खोटा. गणित बिनचूक होतें, निष्कर्ष चुकीचा होता. आमच्या दृष्टांतांत सांगावयाचें तर, गृहस्थ एकाच गांवीं मुक्काम करून रोज पत्र धाडीत राहिला, तर हलकारा वाऱ्याच्या पाठबळानें जलद धांवला तरी पत्रें रोज एकच येतील. वाऱ्यानें वाट लवकर संपते. पत्रांची संख्या वाढत नाहीं. देवळावरच्या ध्वनिक्षेपकाचा आवाज वादळी वाऱ्यांत मोठा होतो, लहान होतो, तुटतो. पण त्यांतील सूर चढत वा उतरत नाहीं, हा अनुभव वाचकांपैकीं पुष्कळांस असेल. सूर पालटावयास वाजविणारा तरी हलला पाहिजे, नाहीं तर ऐकणारा. पेट्झव्हालनें वारा हलविला आणि गाडी उभी ठेविली. तेथें त्याची चूक झाली.

परंतु या वादाचा निकाल डॉप्लरला पाहावयास मिळाला नाहीं. प्रकृति ढासळल्यामुळें तो हवापालटासाठीं व्हेनिसला गेला होता, तेथेंच ता. १७ मार्च १८५३ रोजीं तो वारला. त्यानंतर तिसाव्या दिवशीं, ता. १६ एप्रिलला, मुंबईहून ठाण्यास पहिली उतारूंची आगगाडी गेली. सन १८६० मध्यें अर्न्स्ट माख यानें एक लांब नळी उभ्या चक्रासारखी फिरवून तिच्या टोकास शिट्टी वाजती ठेवली. चक्राच्या पातळींत उभा असलेल्यास सूर वरखालीं होत असलेला ऐकूं येई, आणि आंसाच्या रोंखानें उभा असलेल्यास तोच सूर स्थिर लागे. कारण पहिल्याकडे शिट्टी क्षणांत येत होती व क्षणांत जात होती, आणि दुसऱ्यापासून तिचें अंतर बदलतच नव्हतें. या एका साध्या उपकरणानें शंकेस जागा उरली नाहीं.

आणि तारे? तेथें डॉप्लर खरोखर चुकला होता. सर्व तारे मूळचे पांढरे असून त्यांचे रंग गतीनें येतात, असा त्याचा समज होता. बाइस बालॉटचें उत्तर असें कीं, तारा दूर जाऊं लागला आणि त्याचा प्रकाश तांबड्याकडे सरकला, तरी जांभळ्यापलीकडील अदृश्य किरण सरकून रिकामी जागा भरून काढतील. एकूण रंग तोच दिसेल. शिवाय प्रकाश सेकंदास तीन लक्ष किलोमीटर धांवतो, आणि ताऱ्यांचे सामान्य वेग त्यापुढें नगण्य. पृथ्वी सूर्याभोंवतीं सेकंदास ३० किलोमीटर फिरते, तरी तो प्रकाशवेगाचा दहा हजारावा भाग. एवढ्यानें रंग कसा पालटावा? मात्र ताऱ्यांच्या वर्णपटांत ज्या बारीक काळ्या रेषा असतात त्या एवढ्या पालटानेंहि किंचित् सरकतात, आणि तें सरकणें मोजतां येतें. ही रेषांची गोष्ट सन १८४८ मध्यें फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञानें सुचविली. सन १८६८ मध्यें हगिन्स यानें व्याधाच्या ताऱ्यावर तिचा पहिला उपयोग केला. त्याचा आंकडा पुढें चुकीचा ठरला. परंतु १८८८ पासून फोगेल यानें छायाचित्रांच्या साह्यानें घेतलेलीं मापें भरंवशाचीं निघालीं. चुकलेल्या उदाहरणासाठीं मांडलेलें तत्त्व असें खरें निघालें.

केळापुरास आम्ही त्या मुलाला एवढें सर्व सांगितलें नाहीं. पत्रांचा दृष्टांत तेवढा सांगितला, आणि रस्त्याच्या कडेवरून त्यास शेताच्या बांधाकडे नेलें. थोड्याच वेळानें एक मालमोटार कर्णा दाबून धरीत हैदराबादेकडे गेली. तो कांहीं क्षण कान देऊन उभा राहिला, आणि मग म्हणाला, “त्यानं नाही बदलवला, काका. तो तर तसाच वाजवत गेला. आपल्याला पत्रं उशिरा आली.”